गल्फसाठी रेझ्युमे: व्हिसा, नोटीस पीरियड आणि अनुभवाचे महिने कसे मांडावेत?

डक्टवाला

नमस्कार मंडळी. बी.ई. मेकॅनिकल, काम एचव्हीएसी, म्हणजे वातानुकूलनाच्या प्रोजेक्टचं. यूएई आणि सौदीतल्या एमईपी, म्हणजे इमारतींतल्या मेकॅनिकल, इलेक्ट्रिकल आणि प्लंबिंग कामांच्या कंत्राटदारांकडे अर्ज चालू आहेत. जाहिरातीत साधारण असं असतं: किमान ७ वर्षे एमईपी, गल्फचा अनुभव असल्यास प्राधान्य, लवकर रुजू होणारे हवेत. फॉर्म भरला की दोन-तीन दिवसांत नकाराची मेल येते, फोन येतच नाही. म्हणजे रेझ्युमे वाचण्याआधीच कुठेतरी गळतोय.

रेझ्युमेत सध्या वर लिहिलंय "9+ years experience". नोटीस पीरियडपुढे "Negotiable". व्हिसाचा उल्लेखच नाही.

नोकऱ्या अशा: जुलै २०१६ ते फेब्रुवारी २०१८ एका कारखान्यात मेंटेनन्स. सप्टेंबर २०१८ ते मार्च २०२१ एचव्हीएसी कंत्राटदाराकडे साईट इंजिनिअर. जून २०२१ पासून आजपर्यंत, म्हणजे ऑक्टोबर २०२५, दुसऱ्या एमईपी कंपनीत, हुद्दा "सीनियर एक्झिक्युटिव्ह – प्रोजेक्ट्स". करारात नोटीस ९० दिवस. नेमकं काय बदलू?

बिनधास्त_भाऊ

साधं आहे राव. नोटीस पीरियडपुढे "Immediate" टाका. ९० दिवस बघितले की गल्फवाला पुढे वाचतच नाही. आधी मुलाखत तर होऊ द्या, मग बघू. सगळे हेच करतात.

पासपोर्ट_पेटी

व्हिसा स्टेटस म्हणजे ईसीआर की ईसीएनआर तेच ना? तुम्ही पदवीधर आहात, पासपोर्टवर ईसीआरचा शिक्का नसणार. "ECNR" लिहून टाका, काम झालं.

चाळणी

पासपोर्ट_पेटी, ती गोष्ट वेगळी. ईसीआर हा आपल्याकडचा, कामासाठी देश सोडतानाच्या सरकारी परवानगीचा प्रश्न आहे. दहावी पास असलेल्याला तशीही ती परवानगी लागत नाही, त्यामुळे इंजिनिअरने ते लिहिलं काय आणि न लिहिलं काय, तिकडच्या एचआरला फरक पडत नाही. तिकडे "visa status" विचारतात तेव्हा त्यांना एवढंच कळायला हवं असतं: हा माणूस आत्ता कुठे आहे, कोणत्या व्हिसावर आहे, आणि त्याला कामाला लावायला आम्हाला काय काय करावं लागेल.

डक्टवाला, तुमचे तिन्ही मुद्दे एकेक करून घेऊ. आधी अनुभव, कारण तुमची खरी गळती तिथे आहे असं मला वाटतं.

बांधकामातल्या नोकऱ्यांत वर्षांचा आकडा एचआरच्या लहरीवर नसतो. मुख्य कंत्राटदाराच्या करारातच बहुतेक वेळा लिहिलेलं असतं की अमुक पदावरच्या इंजिनिअरला किमान इतकी वर्षं हवीत. निवड झाल्यावर तुमचा सीव्ही मंजुरीसाठी कन्सल्टंटकडे जातो आणि तिथे बसलेला माणूस अक्षरशः तारखा मोजतो. महिने कमी पडले तर सीव्ही परत येतो, पद रिकामं राहतं आणि कंत्राटदाराला बोलणी खावी लागतात. त्यामुळे एचआर तीच मोजणी आधीच करून घेतो. "9+" हा आकडा त्याच्या कामाचा नाही. त्यातली एमईपीची किती, हे त्याला हवंय.

आकडेमोड

मोजून टाकतो. सुरुवातीचा आणि शेवटचा दोन्ही महिने धरलेत.

कारखाना २० महिने. पहिला कंत्राटदार ३१ महिने. सध्याची कंपनी ऑक्टोबर २०२५ पर्यंत ५३ महिने. बेरीज १०४, म्हणजे ८ वर्षे ८ महिने.

तुमचे "9+" कुठून आले तेही दिसतंय. जुलै २०१६ पासून आजपर्यंत सरळ मोजलं तर ११२ महिने होतात, ९ वर्षे ४ महिने. मधले मार्च ते ऑगस्ट २०१८ हे सहा आणि एप्रिल-मे २०२१ हे दोन महिने त्यात धरले गेलेत. वर "9+" आणि खाली तारखांतून ८ वर्षे ८ महिने, हे वाचणाऱ्याला दहा सेकंदांत कळतं.

कारखान्यातले २० वजा केले तर एमईपीचे ८४ महिने उरतात. बरोब्बर ७ वर्षे. जाहिरातीत ७ मागितलीत, तुम्ही काठावर पास आहात!

चाळणी

नेमकं. आणि काठावरच्या माणसाने आकडा फुगवला की त्याचंच नुकसान होतं. ९ म्हटल्यावर वाचणारा खाली तपासायला जातो, फरक सापडतो, आणि मग खरी असलेली ७ वर्षंही संशयात येतात. म्हणून दोन आकडे वेगळे लिहा, एकूण आणि एमईपीचा. जाहिरातीला दुसरा लागतो.

फॉर्ममध्ये "relevant experience" असं स्वतंत्र विचारलं असेल तर 7 भरा. नुसतं "total" असेल आणि फक्त पूर्ण आकडा चालत असेल तर 8 भरा, वर ढकलून 9 करू नका. सगळ्या नोकऱ्यांच्या तारखा महिना आणि वर्षासकट, एकाच पद्धतीने लिहा. नुसतं "2018–2021" लिहिलं की मोजणारा आपल्या सोयीने मोजतो, आणि त्याची सोय तुमच्या विरुद्ध असते.

हुद्द्याचंही बघा. "सीनियर एक्झिक्युटिव्ह – प्रोजेक्ट्स" वरून तिकडे काहीच कळत नाही. शोधणारा "HVAC Engineer" किंवा "MEP Engineer" टाकून शोधतो. पण हुद्दा बदलून टाकायचा नाही, कारण उद्या अनुभवाच्या पत्रावर जुनाच हुद्दा येणार. आधी पत्रातला हुद्दा तसाच लिहा, त्याच ओळीत पुढे कामाचं नाव जोडा.

बिनधास्त_भाऊ

बरं, वर्षांचं पटलं. पण Immediate ला काय हरकत? कंपनीला माणूस आवडला तर थांबते की.

जुना_रियाधकर

भाऊ, माणूस आवडला तर थांबतात हे अर्धं खरं आहे. पण आधी Immediate ऐकून मग ९० दिवस कळले तर थांबत नाहीत. त्यांनी माणूस साईटवर हजर करायची तारीख क्लायंटला देऊन टाकलेली असते.

आणि ९० दिवस काही परग्रहावरचे नाहीत. कुवेतच्या कामगार कायद्यात मासिक पगार असलेल्याला तीन महिन्यांची नोटीस आहे. यूएईच्या २०२१ च्या कायद्यात करारातली नोटीस ३० ते ९० दिवसांच्या मधली असते. तिथला एचआर ९० ला दचकत नाही. "Negotiable" ला मात्र वैतागतो, कारण त्यातून आकडा निघत नाही. बऱ्याच फॉर्मांत तो रकाना यादीतून निवडायचा असतो आणि पलीकडून "60 दिवसांपर्यंत" अशी गाळणी लावता येते. Negotiable ला त्या यादीत जागाच नाही.

चाळणी

९० दिवस यूएईत खुपतात त्याचं एक कारण सहसा कोणी सांगत नाही. कामासाठीचं एंट्री परमिट निघालं की साधारण ६० दिवसांत त्यावर देशात शिरावं लागतं. तुमची नोटीस ९० दिवसांची असेल तर कंपनी ते पहिल्या दिवशी काढू शकत नाही, काढलं तर तुम्ही निघायच्या आधीच संपेल. म्हणजे तुम्ही राजीनामा द्यायचा, कंपनीने महिनाभर थांबायचं, मग अर्ज करायचा. या मधल्या काळात माणूस सध्याच्या कंपनीने पगार वाढवला म्हणून पलटतो, हा अनुभव प्रत्येक एचआरला आहे. ६० किंवा त्याहून कमी असलं की ही अडचण जवळजवळ संपते.

म्हणून डक्टवाला, तुमचं अपॉइंटमेंट लेटर काढा आणि नोटीसचं कलम शब्दन् शब्द वाचा. "९० दिवस किंवा त्याबदल्यात पगार" असं लिहिलंय, की "व्यवस्थापनाच्या मर्जीनुसार" असं शेपूट आहे? पहिलं असेल तर ३० दिवसांचे पैसे भरून ६० ला निघता येतं आणि तसं रेझ्युमेत लिहिता येतं. दुसरं असेल तर ९० च लिहा. बायआउट बेसिकवर धरतात की ग्रॉसवर, तेही बघा. शिल्लक रजा नोटीसमध्ये वळती होते की नाही हे कंपनीगणिक बदलतं, म्हणून तो हिशेब रेझ्युमेत आणू नका.

डक्टवाला

कलम बघितलं. "ninety days' notice or gross salary in lieu thereof, by either party". मर्जीबिर्जी काही नाही. पण आमच्याकडे लोक सरळ ३० दिवसांत निघून जातात, कंपनी काही करत नाही म्हणे.

आकडेमोड

काही करत नाही म्हणजे रिलिव्हिंग आणि अनुभवाचं पत्रही देत नाही! मग तुमच्या ८४ महिन्यांतले ५३ कागदावरून गेले. हातात ३१ उरतात, अडीच वर्षांच्या वर थोडे. सात वर्षांच्या पदाला अर्ज कशाच्या जोरावर करणार?

जुना_रियाधकर

सौदीला तर हे हमखास अडकतं. इंजिनिअरच्या पदावर जाणाऱ्याला सौदी कौन्सिल ऑफ इंजिनिअर्सकडे नोंद करावी लागते, तिथे पदवी आणि अनुभवाची पत्रं मागतात. शिवाय कंपनीकडे असलेला व्हिसा ठरावीक पेशाचा असतो. मेकॅनिकल इंजिनिअरचा व्हिसा आणि पदवी प्रॉडक्शनची, अशी गाठ पडली की अडचण. म्हणून रेझ्युमेत पदवीचं नाव प्रमाणपत्रावर आहे तसंच लिहायचं, शोभेचं नाही.

अजून एक. सौदीत राहणारे सीव्हीवर "Transferable Iqama" लिहितात. ते बघून भारतातल्यांनी ते उचलू नये. ज्याच्याकडे इकामा, म्हणजे सौदीचा निवास परवाना आहे, त्यालाच ते लागू.

रुईफूल

थोडं विषयांतर होईल, पण व्हिसाच्या ओळीबद्दलच विचारते. मी शारजात आहे, नवऱ्याच्या व्हिसावर. अकाउंट्सचा सहा वर्षांचा अनुभव, सगळा भारतातला. "Dependent" लिहिलं तर नोकरी न करणारी बाई असा अर्थ घेतात का? इथल्या मैत्रिणी म्हणतात लिहूच नको.

चाळणी

रुईफूल, विषयांतर अजिबात नाही, तुमच्यासाठी ती ओळ सगळ्यात वर हवी. नवऱ्याच्या व्हिसावर असलेल्या व्यक्तीला कंपनी नुसतं वर्क परमिट काढून कामावर घेऊ शकते. निवासाचा व्हिसा बदलायची गरज नाही, म्हणजे कंपनीचा खर्चही कमी आणि वेळही. तिकडच्या जाहिरातींत "husband visa preferred" असं उघड लिहिलेलं असतं, ते याचसाठी. फक्त "Dependent" असा एकच शब्द टाकू नका. नवऱ्याचा निवास व्हिसा, कोणत्या तारखेपर्यंत वैध, आणि लगेच रुजू होऊ शकते, हे तिन्ही एका ओळीत लिहा. यूएईत असाल तर व्हिसाच्या ओळीला तारीख हवीच. व्हिजिट व्हिसावर असेल तर कधी संपतो, जुना व्हिसा रद्द झाला असेल तर सवलतीचे दिवस कधी संपतात. तारखेशिवाय ती माहिती अर्धीच राहते.

रुईफूल

आणि गल्फचा अनुभव विचारतात तिथे?

चाळणी

फॉर्ममध्ये शून्य. दोन वर्षं तिथे राहिलात तरी नोकरी नसेल तर शून्यच.

बिनधास्त_भाऊ

मग डक्टवाल्यांनी पण व्हिजिट व्हिसा काढून जावं की. रेझ्युमेवर "Visit visa, Dubai" आलं की फोन वाजतात. निदान तसं लिहून तरी बघा, फोन आला की तिकीट काढायचं.

जुना_रियाधकर

फोन वाजतात हे खरं आहे. पण पहिला प्रश्न येतो "उद्या ऑफिसला येता का?" तिथे काय सांगणार?

प्रत्यक्ष जाऊन शोधणं ही गोष्ट निराळी. काही जण जातात, मुलाखती देतात, निवड झाली की तिथल्या तिथे व्हिसा बदलून घेतात. पण त्यासाठी आधी इथली नोकरी सोडलेली असावी लागते, नाहीतर तिथे बसूनही नोटीस ९० दिवसांचीच. आणि व्हिजिटवर असताना "आधी काम सुरू करा, व्हिसा नंतर काढू" म्हणणारा भेटला तर उठून यायचं. यूएईत २०२४ पासून परवान्याशिवाय माणूस कामाला ठेवणाऱ्याला एक लाख ते दहा लाख दिरहम दंड आहे, आणि काम करणाराही त्यात सुटत नाही.

पासपोर्ट_पेटी

मघाशी माझा गोंधळ झाला, मान्य. एक भर घालतो, ही तरी बरोबर असेल. काही जण रेझ्युमेत "व्हिसाचा खर्च स्वतः करेन" असं लिहितात. यूएईच्या कायद्यात तो खर्च कामगाराकडून घेताच येत नाही. असं लिहिणाऱ्याला बरोबर तेच एजंट शोधून काढतात ज्यांच्यापासून लांब राहायला हवं. आपल्याकडच्या नोंदणीकृत एजंटलाही सेवाशुल्क ३०,००० रुपये अधिक जीएसटी याच्या वर घेता येत नाही.

चाळणी

ही भर बरोबर आहे.

डक्टवाला, आता तुमची वरची पट्टी. नाव, फोन, ईमेलच्या लगेच खाली हे टाका:

```
HVAC / MEP Engineer, B.E. Mechanical
Experience: 8 yrs 8 months total, 7 yrs in MEP (Oct 2025)
Location: India. Visa: employment visa required
Notice: 90 days; 60 days with buyout
```

सध्याच्या नोकरीची ओळ अशी:

```
Senior Executive - Projects (HVAC Engineer), Jun 2021 - Present
```

हे वर्डच्या हेडरमध्ये टाकू नका, टेक्स्ट बॉक्समध्येही नको. रेझ्युमे वाचून रकाने भरणारी बरीच सॉफ्टवेअर हेडर-फूटर सोडून देतात. कागदावर ओळ दिसते, प्रणालीत व्हिसाचा रकाना कोरा. तपासायला सोपं आहे: फाईलमधला सगळा मजकूर निवडून साध्या नोटपॅडमध्ये चिकटवा. तिथे जे गायब किंवा उलटसुलट दिसेल, ते तिकडेही तसंच पोचतंय असं समजा.

आणि नुसती फाईल बदलून भागत नाही. नोकरीगल्फ, बेत, लिंक्डइन, जिथे जिथे प्रोफाईल आहे तिथले रकाने हाताने बदला. रिक्रूटर शोधतो ते त्या रकान्यांवर, फाईल तो नंतर उघडतो. प्रोफाईलवर ९ वर्षे आणि फाईलवर ८ वर्षे ८ महिने असं राहिलं तर सगळी मेहनत पाण्यात.

डक्टवाला

नोटपॅडची युक्ती करून बघितली. माझा फोन नंबर आणि ईमेल दोन्ही गायब! हेडरमध्ये होते.

दोन शंका. "GCC experience: Nil" असं रेझ्युमेत स्वतःहून लिहू का? आणि राजीनामा कधी द्यायचा, ऑफर लेटरवर की व्हिसा हातात आल्यावर?

जुना_रियाधकर

Nil लिहा असं माझं मत. लपवल्यासारखं वाटत नाही आणि दोघांचाही वेळ वाचतो.

चाळणी

इथे माझं मत उलट आहे. फॉर्मने विचारलं तर खरं शून्य भरायचंच. पण जाहिरातीत "प्राधान्य" लिहिलंय, "अट" नाही. मग आपणच पहिल्या चार ओळींत "नाही" का छापायचं? त्या जागी तिकडे उपयोगी पडेल असं काही लिहा. चिल्ड वॉटरचं काम केलं असेल तर किती टनांचं, टेस्टिंग-कमिशनिंग स्वतः केलं असेल तर ते. जाहिरातीत अट असेल तर मात्र अर्जच करू नका, वाया जातो.

राजीनाम्याचं म्हणाल तर व्हिसाची वाट बघणं सुरक्षित वाटतं, पण वरची ६० दिवसांची अडचण तिथेच येते. व्हिसा आधी निघाला आणि नोटीस नंतर सुरू झाली तर तुम्ही वेळेत पोचत नाही. निदान मेलवरच्या दोन ओळींवर राजीनामा देऊ नका. यूएईत मंत्रालयाच्या नमुन्यातलं ऑफर लेटर असतं, त्यावर दोघांच्या सह्या होऊ द्या.

बिनधास्त_भाऊ

सह्या झाल्यावरही कंपनीने हात वर केले तर? माणूस ना इथला ना तिथला.

चाळणी

तो धोका उरतोच, त्यावर माझ्याकडे उपाय नाही. तुमचं बायआउटचं कलम इथे थोडं कामाला येतं. राजीनामा ९० दिवसांचा द्यायचा, परमिट निघालं की उरलेल्या दिवसांचे पैसे भरून निघायचं. मधेच ऑफर मोडली तर सध्याच्या कंपनीत राजीनामा मागे घ्यायची बोलणी करायला अजून दिवस शिल्लक असतात. कंपनी ऐकेलच असं नाही.

रुईफूल

मी ती ओळ तारखेसकट सगळ्यात वर टाकली. एक राहिलं: अपेक्षित पगार रेझ्युमेत लिहायचा का? फॉर्ममध्ये तो रकाना सोडता येत नाही.

जुना_रियाधकर

रेझ्युमेत नको, फॉर्ममध्ये खरा आकडा. आणि आधी बघा की रकाना दिरहमचा आहे की रुपयांचा, महिन्याचा की वर्षाचा. लाखांत वार्षिक आकडा टाकून मासिक दिरहमच्या रकान्यात गळालेले अर्ज कमी नसतात.

आकडेमोड

डक्टवाला, पट्टीतला आकडा ऑक्टोबरअखेरचा आहे. नोव्हेंबर पुरा झाला की ८ वर्षे ९ महिने आणि ७ वर्षे १ महिना करा, कंसातला महिनाही बदला. प्रोफाईलवरसुद्धा.